पत्ता फाइलीत असतो, तसा खिडकीबाहेरही

समजा, कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत भाड्याच्या घरात एक बाई राहते. नवऱ्याची मारहाण सोसेना, म्हणून मुलाला घेऊन ती इथे आली आहे. आपण कुठे राहतो हे त्याला कळू नये, एवढीच तिची अट आहे. हाताला चव आहे, चार पैसे मिळतील म्हणून तिने स्वयंपाकाचे व्हिडिओ युट्यूबवर टाकायचे ठरवले आहे. पहिला व्हिडिओ 40 सेकंदांचा: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि शेवटी फोन गॅलरीकडे वळवून पावसात भिजलेला डोंगर. तिला कुणीतरी सांगितले की फोनमधले लोकेशन बंद कर, म्हणजे झाले. ही बाई काल्पनिक आहे. पण हा सल्ला खरोखर दिला जातो, आणि तो अर्धाच आहे. व्हिडिओतून पत्ता दोन वाटांनी बाहेर पडतो. एक वाट फाइलीतली: तिथे फोन स्वतःहून आकडे लिहून ठेवतो आणि ते काही मिनिटांत पुसता येतात. दुसरी वाट चित्रातली आणि आवाजातली: तिथे आकडे नसतात, पण पाहणाऱ्याला कळेल असे बरेच काही असते, आणि ते शोधायला माणसालाच बसावे लागते. माझे म्हणणे असे की पहिले काम सोपे आहे म्हणूनच धोक्याचे आहे. ते केल्यावर सगळे झाले असे वाटते आणि दुसऱ्या कामाला कुणी हात लावत नाही.

आधी सोपे काम पाहू. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर फोन व्हिडिओच्या फाइलीत, चित्राच्या बाहेर, अक्षांश आणि रेखांश लिहून ठेवतो. आयफोनमध्ये ही नोंद `com.apple.quicktime.location.ISO6709` या नावाने असते. अँड्रॉइड फोन ती `©xyz` या छोट्या कप्प्यात ठेवतात. नोंद साधारण `+18.9100+073.3200/` अशी दिसते. इथे नमुना म्हणून शेवटचे दोन अंक मी शून्य ठेवले आहेत. दशांशानंतर दोनच अंक असतील तर जागा साधारण एक किलोमीटरच्या आत कळते, म्हणजे नुसते कर्जत. चारही अंक खरे असतील तर जागा दहा-अकरा मीटरच्या आत येते, म्हणजे घर, फार तर शेजारचे घर. याच कप्प्यांशेजारी फोनचे मॉडेल आणि चित्रीकरणाची वेळही असते. ती वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे सकाळी 9 वाजून 40 मिनिटांनी केलेल्या चित्रणावर 4 वाजून 10 मिनिटे दिसतात. वेळ चुकीची दिसते म्हणून ती निरुपयोगी समजू नये. साडेपाच तास मिळवले की ती बिनचूक होते.

हे आकडे वाचायला संगणकावर `exiftool` हे मोफत साधन पुरते:

```
exiftool -ee -G1 -a -s bhakri.mp4
```

यातला `-ee` महत्त्वाचा आहे. साध्या फोनच्या व्हिडिओत लोकेशन एकदाच लिहिलेले असते. पण गोप्रोसारखे कॅमेरे, गाडीतले डॅशकॅम आणि काही ड्रोन चित्राच्या जोडीने जागेच्या नोंदींची अखंड माळच साठवतात. घरून निघून घरी परतेपर्यंतचा सगळा रस्ता त्यात असतो. `-ee` दिल्याशिवाय ही माळ दिसत नाही, आणि वरवर पाहणाऱ्याला फाइल स्वच्छ वाटते. पुसण्यासाठी `ffmpeg` या साधनाने नवी प्रत काढावी:

```
ffmpeg -i bhakri.mp4 -map 0:v:0 -map 0:a:0 -map_metadata -1 -c copy saf.mp4
```

या ओळीचा अर्थ सरळ आहे: मूळ फाइलीतले फक्त चित्र आणि फक्त आवाज घे, बाकीच्या माळा सोडून दे, माहितीच्या नोंदी उतरवू नकोस. चित्र पुन्हा दाबले जात नसल्याने दर्जा उतरत नाही. मग `saf.mp4` वर पहिली ओळ पुन्हा चालवायची. नावात `GPS` किंवा `Location` असलेली एकही ओळ दिसता कामा नये. तपासल्याशिवाय पुसले असे धरू नये. संगणक नसेल तर आयफोनवर व्हिडिओ शेअर करताना वर ‘Options’ मध्ये ‘Location’ बंद करता येते. ते फक्त पाठवलेल्या प्रतीतून जाते, फोनमधल्या मूळ फाइलीत तसेच राहते. अँड्रॉइडच्या कॅमेऱ्यात सेटिंग्जमध्ये लोकेशन साठवण्याचे बटण असते, ते चित्रीकरणाआधीच बंद करणे बरे. फोनच्या गॅलरीतच व्हिडिओ कापला तर छोट्या तुकड्यातही मूळचे लोकेशन येऊ शकते, हे लक्षात असू द्यावे. फाइलीच्या नावाकडेही पाहावे. युट्यूब नव्या व्हिडिओला शीर्षक म्हणून आधी फाइलीचेच नाव सुचवते. `dahivali_gallery.mp4` असे नाव ठेवून लोकेशन पुसण्यात काही अर्थ नाही.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम व्हिडिओ दाबून पुन्हा तयार करतात, त्यात ही माहिती आपोआप जाते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल नव्याने बनते. पण तीच फाइल दर्जा टिकावा म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते, आकड्यांसकट. ड्राइव्हवर ठेवून लिंक दिली तरी तेच होते. लग्नाचा किंवा शाळेच्या संमेलनाचा व्हिडिओ आपल्याकडे नेमका याच दोन मार्गांनी फिरतो. शिवाय पाहणाऱ्यांना दिसत नाही म्हणजे कंपनीकडे गेले नाही असे नव्हे. युट्यूबसारख्या ठिकाणी मूळ फाइल आपण तिच्या हवाली केलेलीच असते. आणि उघड लोकेशनचा दुरुपयोग किती सोपा असतो हे 2010 सालीच दाखवून झाले आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधल्या एका संगणकशास्त्र संस्थेतले संशोधक गेराल्ड फ्रीडलंड आणि रॉबिन सॉमर यांनी युट्यूबवरचे लोकेशन असलेले व्हिडिओ तपासले. कुणाचे घरगुती व्हिडिओ आपल्या परिसरातले आहेत आणि त्याच माणसाचा ताजा व्हिडिओ मात्र फार दूरचा आहे, एवढाच शोध त्यांनी छोट्या प्रोग्रॅमकडून करवला. जे सापडले त्यांची घरे त्या वेळी बहुधा रिकामी होती. त्यांना कुठलाही पासवर्ड फोडावा लागला नाही. दोन व्हिडिओ, दोन जागा आणि एक तारीख एवढेच पुरले. तेव्हा आकडे पुसणे आवश्यक आहेच. फक्त ते पुरेसे नाही.

आता आपल्या 40 सेकंदांकडे वळू आणि आकडे पुसून झाले आहेत असे धरू. शेवटच्या सहा सेकंदांत गॅलरीतून डोंगर दिसतो. पावसाळी, हिरवा, कुठलाही असू शकेल असा वाटतो. पण डोंगराची वरची कड प्रत्येक गावातून वेगळी दिसते. कर्जतच्या वायव्येला माथेरानचा लांब, सपाट माथा आहे. आग्नेयेला बोरघाटाच्या बाजूला राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोड बालेकिल्ले आहेत. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला असल्यामुळे त्याच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटलेल्या असतात, आणि कुठली पायरी कुठे संपते हे जागा बदलली की बदलते. कल्याणच्या बाजूने पाहिलेला माथेरानचा माथा आणि कर्जतच्या बाजूने पाहिलेला, यांत ट्रेकिंग करणारा कुणीही फरक सांगेल. ट्रेकिंग न करणाऱ्याला गुगल अर्थ पुरते. त्यात जमिनीवर उभे राहिल्यासारखे दृश्य घेता येते आणि व्हिडिओतली कड त्यावर जुळवून पाहता येते. पुढचा कडा मागच्या कड्याला किती झाकतो एवढे मोजले तरी उभे राहण्याची जागा अरुंद पट्ट्यात येते.

हे केवळ तर्काने सांगत नाही. 2018 च्या जुलैमध्ये एक भीषण व्हिडिओ पसरला: सैनिकांच्या वेशातली माणसे दोन स्त्रिया आणि दोन मुलांना मातीच्या रस्त्याने नेतात आणि गोळ्या घालतात. हे कुठले ते कुणाला माहीत नव्हते, आणि कॅमेरून सरकारने सुरुवातीला आपला संबंध नाकारला. बीबीसी आफ्रिका आयच्या पत्रकारांनी स्वतंत्र अभ्यासकांच्या मदतीने तो व्हिडिओ फोडला. त्याच्या सुरुवातीला मागे एका डोंगररांगेची कड दिसत होती. कॅमेरूनमधल्या एका माहितगाराने एका गावाच्या आसपास पाहा असे सुचवले, आणि उपग्रहाच्या नकाशावर ती कड जुळली. मग वाट, झाडे, घरे एकेक करून जुळली. कुठली इमारत कुठल्या उपग्रह-चित्रात आहे आणि कुठल्यात नाही यावरून काळ ठरला, आणि चालणाऱ्यांच्या सावल्या किती लांब आणि कुठल्या दिशेला आहेत यावरून तो 2015 च्या मार्च-एप्रिलमधल्या सुमारे दोन आठवड्यांवर आला. फाइलीत अक्षांश-रेखांश नव्हते. त्या कामाने अपराध उघडा पडला, ते चांगलेच झाले. पण पद्धतीला हेतू नसतो. पत्रकाराला जी कड वाचता आली ती सूड घ्यायला निघालेल्या माणसालाही वाचता येते. त्याच्याकडे वेळ असतो आणि हाताशी माहितगारही असतो.

सावलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिची भीती आणि तिच्याबद्दलची बेफिकिरी दोन्ही चुकीच्या असतात. सावलीवरून गाव सापडत नाही. पण गाव माहीत असेल तर वेळ सापडते, आणि वेळ माहीत असेल तर खिडकीचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते सापडते. कर्जतच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायाशी गोळा होते आणि दिशा सांगत नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारीही उभ्या खांबाची सावली त्याच्या उंचीच्या जवळपास एवढी लांब आणि स्वच्छ उत्तरेकडे पडते. एकदा गल्ली कळली की ‘उत्तराभिमुख, दुसरा मजला, समोर डोंगर’ एवढ्यावर घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरतात. पावसाळ्यात सावल्या नसतात, तेवढाच दिलासा.

चित्र बंद करून नुसता आवाज ऐकला तर आणखी एक वाट दिसते. कर्जत ही घाटाच्या पायथ्याची जागा आहे. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना बोरघाटाचा 37 ला 1 असा चढ चढण्यासाठी मागून जोडइंजिने इथेच लागतात, आणि ती लावून गाडी सुटताना शिट्ट्यांची देवाणघेवाण होते. स्टेशनवरची उद्घोषणा शांत वेळी उल्हास नदीपलीकडेही पोचू शकते, आणि तिच्यात ‘खोपोली’ ऐकू आले तर शोधणारा कान टवकारतो. एकट्या ‘खोपोली’ने काही सिद्ध होत नाही, कारण खोपोलीची लोकल मुंबईपासूनच्या स्टेशनांवर घोषित होते. पण ‘खोपोली’ अधिक घाटाच्या गाडीचे इंजिन अधिक माथेरानची कड, या तिन्हींची गावे वेगवेगळी काढून एकमेकांवर ठेवली तर समाईक जागा थोडीच उरते. ओळख पटते ती अशी. एकही खूण पुरती नसते, प्रत्येक खूण काही गावे गाळत जाते. म्हणून ‘यात काय आहे, नुसती शिट्टी तर आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. प्रश्न एका शिट्टीचा नसून तिच्या सोबतीला काय आहे याचा असतो. नगरपरिषदेच्या घंटागाडीचे गाणे, मंदिराच्या भोंग्यावरची आरती, शेजारणीने जिन्यातून मारलेली नावाने हाक, हे सगळे याच हिशेबात धरायचे.

चित्रातल्या अक्षरांबद्दल फार सांगायची गरज नाही, पण ती सुटतात कुठे हे सांगायला हवे. माणूस फ्रेमच्या मधोमध पाहतो. अक्षरे कडेला असतात. कट्ट्यावर उलटे पडलेले विजेचे बिल, फ्रिजवर चिकटवलेली लग्नपत्रिका, पिठाच्या पिशवीवर दुकानाचे नाव आणि 02148 ने सुरू होणारा दूरध्वनी, पार्सलवर 410201 हा पिनकोड, खालच्या गाडीवर MH-46 ही पनवेलच्या नोंदणीची पाटी, रस्त्यावरच्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या स्थानिक पुढाऱ्यांचे फोटो. शेवटचे विशेष घातक असते. फ्लेक्स मोठा असतो, ठळक असतो, आणि त्याच्यावर प्रभागापर्यंतची माहिती असते. स्टीलच्या डब्यावर, कढईच्या बाजूवर आणि बंद टीव्हीच्या काचेवर पडलेले प्रतिबिंबही यातच आले. 2019 मध्ये जपानमध्ये एका तरुण गायिकेचा पाठलाग करणाऱ्याने तिच्या सेल्फीत डोळ्यांत उमटलेल्या रेल्वे स्टेशनच्या प्रतिबिंबावरून तिचे स्टेशन ओळखले होते.

हे सगळे सापडावे कसे? चालता व्हिडिओ पाहून सापडत नाही, कारण डोळा भाकरीकडे जातो. व्हिडिओची चित्रे सुटी करावीत:

```
ffmpeg -i saf.mp4 -vf fps=2 f_%03d.png
```

सेकंदाला दोन याप्रमाणे 40 सेकंदांची 80 चित्रे होतात. ती मोठ्या पडद्यावर एकेक पाहावीत, आणि प्रत्येक चित्रात मध्य सोडून चारही कडांवरून नजर फिरवावी. ज्या भागात फोन हललेला असेल तो भाग व्हीएलसीमध्ये `E` दाबून फ्रेमगणिक पाहावा, कारण सेकंदाला 30 फ्रेम असताना गाडीची पाटी दोनच फ्रेमपुरती दिसू शकते आणि सुट्या केलेल्या चित्रांत ती निसटते. शोधणारा माणूस व्हिडिओ थांबवू शकतो, म्हणून आपणही तो थांबवूनच पाहायचा. नंतर पडदा झाकून कानाला हेडफोन लावून एकदा फक्त ऐकावे. हे दोन्ही एकदम करू नये. चित्र समोर असले की कान अर्धे बंद असतात.

सापडलेल्या खुणेचे काय करायचे याचा क्रम माझ्या मते ठाम असावा: आधी कापा, मग झाका, आणि अस्पष्ट करण्यावर कधीच विसंबू नका. शेवटचे सहा सेकंद गॅलरीचे आहेत, ते कापले तर डोंगर, फ्लेक्स आणि गाडी तिन्ही एकदम जातात आणि भाकरी जिथल्या तिथे राहते. जे कापता येत नाही, म्हणजे कट्ट्यावरचे बिल, त्यावर भरीव काळा चौकोन ठेवावा. हलके धूसर केलेले किंवा चौकड्यांचे केलेले अक्षर पुसलेले नसते, ते विस्कटलेले असते. व्हिडिओत तर तेच अक्षर शेकडो फ्रेमांत किंचित वेगवेगळ्या जागी विस्कटलेले असते, त्यामुळे ते पुन्हा जुळवणे एका चित्रापेक्षा सोपे जाते. 2007 साली इंटरपोलने मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाला असेच शोधले. त्याने आपला चेहरा चित्रात भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता; जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवून चेहरा मिळवला आणि थायलंडमध्ये त्याला अटक झाली. त्याचे पकडले जाणे योग्यच होते. पण ज्या फिल्टरवर तो विसंबला तशांवर आपण विसंबू नये, कारण चित्रातली माहिती हलवणे वेगळे आणि काढून टाकणे वेगळे. काळा चौकोनही हलत्या वस्तूवर ठेवला तर एखाद्या फ्रेममध्ये मागे राहतो, म्हणून झाकल्यावर तो भाग पुन्हा फ्रेमगणिक पाहावा लागतो. आवाजाचे उत्तर सोपे आहे: मूळ आवाज पूर्ण काढून टाकावा आणि कृती नंतर बंद खोलीत सांगून जोडावी. तव्यावरचा चुरचुर आवाज जातो, हे नुकसान खरे आहे. या बाईच्या बाबतीत ते सोसण्यासारखे आहे. आणि हे सगळे करून नवी फाइल निघाली की लोकेशन पुसण्याची ओळ त्या फाइलीच्या नावाने शेवटी पुन्हा चालवायची.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा: साध्या माणसाच्या मागे कोण एवढे लागणार? बीबीसीचे पत्रकार, जर्मन पोलीस, हे सगळे मोठ्या गोष्टींसाठी. मला वाटते, छोट्या गावाबाबत हे गणित उलटे आहे. परक्या माणसाला शून्यातून शोधायचे असते, म्हणून त्याला दहा खुणा लागतात. ओळखीच्याला अर्धे आधीच माहीत असते, त्याला एक पुरते. बाईचा नवरा तिचा आवाज ओळखतो, हातातल्या बांगड्या ओळखतो, भाकरी थापण्याची ढब ओळखतो. हा व्हिडिओ तिचाच आहे हे लपवणे जवळजवळ अशक्य आहे, आणि तिने त्यावर शक्ती घालवूही नये. ती कुठे आहे एवढेच लपवायचे आहे. कुणापासून काय लपवायचे हे असे नेमके ठरले की काम आटोक्यात येते. उलट कर्जतच्याच एखाद्या फार्महाउसच्या मालकाला आपली जागा लोकांना सापडायलाच हवी असते. त्याने डोंगर कापायचे काहीच कारण नाही. त्याच्या व्हिडिओत पाहुण्यांच्या गाड्यांच्या पाट्या, पोहणारी मुले आणि काम करणाऱ्या बायकांचे चेहरे यांचीच तपासणी व्हायला हवी, कारण जाहिरात त्याची आहे, त्यांची नाही.

मुलांच्या बाबतीत तर कायद्यानेच ही यादी करून ठेवली आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 23 माध्यमांना पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि ओळख म्हणजे काय हे सांगताना ते नाव आणि फोटोवर थांबत नाही; पत्ता, कुटुंबाची माहिती, शाळा आणि शेजारही त्यात मोजते. ते कलम एका विशिष्ट प्रकारच्या खटल्यांसाठी आहे, आपल्या भाकरीच्या व्हिडिओला ते लागू होत नाही. पण ओळख कशाकशातून पटते याची समज त्यात अचूक आहे. मूल गणवेशात फ्रेममध्ये आले की शाळा आली. ते रोज साडेबाराला दार वाजवते हे चार व्हिडिओंत ऐकू आले की वेळही आली. चेहरा झाकून हे दोन्ही झाकले जात नाही. म्हणून मूल शाळेतून येण्याच्या वेळी चित्रीकरणच करू नये, आणि व्हिडिओ त्याच दिवशी टाकू नये. आठवडाभर उशिरा टाकलेल्या व्हिडिओतून ती बाई या क्षणी कुठे आहे हे कळत नाही, आणि काल कुठे पाऊस पडला, कुठे वीज गेली, याच्याशी तो जुळवताही येत नाही.

एक आक्षेप वेगळ्या बाजूने येतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे: सगळे पुसले तर व्हिडिओ खरा कशावरून? उल्हास नदीचे पाणी घरात शिरले, कुणी धमकी द्यायला दारात आले, रस्त्यावर अपघात झाला, तर तारीख, वेळ आणि जागा हाच त्या व्हिडिओचा जीव असतो. याचे उत्तर एकच, मूळ फाइलीला कधीही हात लावू नये. वरच्या सगळ्या क्रिया नव्या प्रतीवर करायच्या आणि मूळ फाइल कॅमेऱ्यातून निघाली तशी दुसरीकडे साठवून ठेवायची. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून नव्हे, केबलने उतरवून. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, लिहावा लागतो. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी हा ठसा बदलतो. लोकेशन पुसलेली प्रत जगाला दाखवायला चांगली. पोलिसांपुढे आणि न्यायालयात मूळच लागते. त्या बाईला तर पुढेमागे दोन्हींची गरज पडू शकते.

आता टाकण्याची वेळ. पोस्टवर जागेचा टॅग लावू नये आणि प्रतिक्रियांत ‘अगं, ही आपल्या आळीतली ना?’ असे कुणी लिहिले तर उत्तर न देता ती ओळ काढून टाकावी. पुष्कळदा पत्ता व्हिडिओतून न फुटता खालच्या प्रेमळ ओळखीतून फुटतो. कव्हरचे चित्र स्वतः निवडावे. काम करताना मूळ फाइलच चुकून चढवली गेली तर कापलेली गॅलरी नेमकी कव्हरवर येऊ शकते. टाकलेला व्हिडिओ नंतर काढता येतो, पण तोवर कुणी उतरवून घेतलेल्या प्रती परत येत नाहीत. म्हणून युट्यूबवर तो आधी ‘Private’ ठेवावा. मग आपण राहतो तो परिसर चांगला माहीत असलेल्या, विश्वासातल्या एका माणसाला तो दाखवावा, आणि हे कुठले आहे हे ओळखून दाखव असे सांगावे. आपल्याला रोज दिसणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसेनाशा झालेल्या असतात. त्याला त्या दिसतील. त्याने पाच मिनिटांत ओळखले तर कशावरून ओळखले ते विचारा, तेवढा भाग कापा, आणि मगच तो ‘Public’ करा.